ताकदीची गोळी

संशय घेण्याचा मला पगार मिळायचा. दूध संस्थेत टेस्टर म्हणून मी उभी हयात काढली. माणूस कितीही हसत आला, नमस्कार-चमत्कार करत आला, तरी मी आधी त्याच्या किटलीकडे बघायचो आणि मग तोंडाकडे. दुधात लोक काय घालत नाहीत? पाणी तर सगळेच घालतात, पण पाण्याची चोरी झाकायला साखर, मीठ, पीठ, युरिया असं बरंच काही घालणारे महाभाग मी पाहिलेत. लॅक्टोमीटर दुधात सोडून मी नुसती मान वर करून बघायचो, की समोरच्याचा चेहराच बोलायला लागायचा. निवृत्त झाल्यावर संस्थेनं शाल दिली, नारळ दिला आणि खुर्ची काढून घेतली. संशय मात्र माझ्याकडेच राहिला. तो घरी घेऊन मी कसबा बावड्यात येऊन बसलो.

गेल्या हिवाळ्यात मला नागीण झाली. उजव्या कुशीपासून पाठीपर्यंत फोडांचा पट्टा उठला. शेजाऱ्यांनी सांगितलं म्हणून एका म्हाताऱ्याकडून नागीण उतरवूनही घेतली. त्यानं लाल लेप लावला, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला आणि वांगं खाऊ नका म्हणाला. फोड वाळले, पण ठणका राहिला. सदऱ्याचा काठ लागला तरी निखारा ठेवल्यासारखं व्हायचं. मग शहरातल्या कातडीच्या डॉक्टरांकडे गेलो. मुलगा सोबत येतो म्हणत होता, पण मी एकटाच गेलो. आपलं दुखणं आपणच सांगावं, दुसऱ्यानं सांगितलं की त्यात पाणी मिसळतंच, असं माझं मत.

डॉक्टरांनी एक लाल कॅप्सूल लिहून दिली. आधी रात्री एक, पंधरा दिवसांनी सकाळी एक आणि रात्री एक. आणखीही बरंच काही सांगितलं. मी सदरा कुशीला लागू नये म्हणून चिमटीत धरून बसलो होतो, त्यामुळं त्यातलं निम्मं कानावर पडलं आणि निम्मं तिथंच राहिलं. खाली औषधाच्या दुकानातल्या पोराला विचारलं, कसली गोळी ही? तो म्हणाला, "शिरांची हाय काका. ताकदीचीच म्हणा की." पाकिटावर दोन लांबलचक नावं होती. त्यातलं दुसरं मी ओळखलं. संस्थेतले आमचे सेक्रेटरी पायाला मुंग्या यायच्या म्हणून तेच व्हिटॅमिन खायचे. पहिलं नाव मला वाचता आलं नाही आणि वाचायची गरजही वाटली नाही.

नेमकी त्याच वेळी आमची ही थोरल्या मुलीच्या बाळंतपणासाठी नेसरीला गेली. घरात उरलो मी, मुलगा, सूनबाई आणि नात. मुलगा कारखान्यात पाळीवर, सूनबाई पतसंस्थेत. नातीला शाळेत सोडायचं काम माझ्याकडे. बावड्याच्या रस्त्यावर हंगामात उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली असते. तिच्या कडेकडेनं स्कूटर काढत, पाठीमागे दप्तरासकट सात वर्षांची पोर घेऊन मी रोज जायचो. दिवसभरात मला कोणी विचारावं असं ते एकच काम होतं. ते गेलं असतं तर मी घरातला एक फर्निचरचा नग झालो असतो.

कॅप्सूल दोन वेळा सुरू झाली आणि काही दिवसांत मला काहीतरी व्हायला लागलं. काय होतंय ते सांगता येत नव्हतं. झोप म्हणावी तर डोळे उघडे असायचे. जांभया नव्हत्या, पेंगणं नव्हतं. पेपर हातात घ्यायचो आणि एकाच बातमीची पहिली ओळ पुन्हापुन्हा वाचायचो. समोरच्या चहावर साय धरायची. कोणी हाक मारली की ऐकू यायची, पण ओ द्यायला उशीर व्हायचा. चालताना दाराची चौकट खांद्याला लागायची. फोनवर ही एकदा म्हणाली, "जीभ का जड झाल्या तुमची? पिलायसा का काय?" चाळीस वर्षांत मी सुपारीला हात लावलेला नाही. मला रागच आला, फोन आपटून ठेवला.

पण मनात पाल चुकचुकली. चांगल्या माणसाची जीभ उगाच जड होत नाही. काहीतरी पोटात जातंय आणि घालणारं कोणीतरी आहे.

आमच्या मागच्या बाजूला पाऊण एकराचं रान आहे. चारी बाजूंनी प्लॉट पडले, बंगले झाले, आमचंच तेवढं उरलंय. बिल्डरचा एक माणूस महिन्यातून दोनदा येतो, मुलाशी दारात उभा राहून कुजबुजतो आणि मला बघितलं की "काय म्हणताय काका, तब्येत बरी न्हवं?" असं विचारतो. माझ्या तब्येतीशी त्याचा काय संबंध? आता मी गुंगीत असलो की कोणाची सोय होणार, हे शोधायला टेस्टरची गरज नव्हती. आणि जेवण कोणाच्या हातचं होतं? सूनबाईच्या. ही घरात नाही ती वेळ त्यांनी बरोबर साधली, असं माझ्या डोक्यानं घेतलं.

मग मी माझ्या पद्धतीनं तपास सुरू केला. संस्थेत नमुना वाईट निघाला की आम्ही एकेक गोष्ट बाजूला काढत जायचो. किटली बदल, भांडं बदल, म्हैस बदल. तसंच मी केलं. रात्रीचं दूध बंद केलं आणि मांजराला घातलं. मांजर दुसऱ्या दिवशी टुणटुणीत उड्या मारत होतं. मग भाजी माझ्या ताटात वाढायच्या आत मुलाचं ताट ओढून घेऊ लागलो. मुलगा म्हणाला, "आबा, हे काय नवीन?" मी म्हणालो, तुझं ताट मला आवडतं. चहा स्वतः करून प्यायलो. तांब्यातलं पाणी ओतून नळाचं घेतलं. सूनबाई सगळं बघत होती. एकदा तिनं विचारलं, "मामा, माझं काय चुकलं का?" मी 'काही नाही' म्हणालो आणि तिनं आणलेली वाटी हळूच बाजूला सारली. तिचं तोंड उतरलं. मी त्याचीही नोंद संशयाच्या बाजूलाच घेतली.

इतकं करूनही अंगातलं जडपण हटेना. उलट अशक्तपणा आलाय असं वाटायला लागलं. पावलं सुजल्यासारखी झाली, संध्याकाळी चपलेचा पट्टा रुतायचा. माणूस अशक्त झाला की काय करतो? ताकदीचं काहीतरी खातो. घरात ताकदीची एकच गोष्ट होती, जी सूनबाईच्या हातची नव्हती, जिला कंपनीचं सील होतं. मी दुपारच्या जेवणानंतर आणखी एक लाल कॅप्सूल घ्यायला लागलो. फरक पडेना, म्हणून शाळेच्या वेळेआधी अंगात तरतरी यावी असा विचार करून सकाळीही कधी कधी एकाच्या दोन घेतल्या. सगळ्या जगावर संशय घेत होतो आणि त्या पाकिटावर डोळे झाकून विश्वास टाकला होता.

त्याच सुमाराला नातीची बडबड वाढली. स्कूटरवर बसली की सुरू. आबा, म्हशीला दात किती असतात? आबा, ट्रॉलीत ऊस मोजतात कसे? आबा, तुम्ही लहान असताना शाळेत कोण सोडायचं? आबा, सातचा पाढा म्हणा. उत्तर द्यायला जरा उशीर झाला की पाठीत बोट खुपसायची. मला वाटलं, पोरीला कोणीतरी शिकवून पाठवलंय. म्हातारा भ्रमिष्ट झालाय का हे बघायला. म्हणजे उद्या डॉक्टरचा दाखला काढून रान विकायला सोपं. मी तिला दरडावून विचारलं, "तुला आईनं सांगितलंय का हे विचारायला?" ती गप्प बसली. पण थोडं पुढं गेल्यावर पुन्हा बोट आलंच.

एक दिवस तिचा घसा बसला होता, म्हणून ती बोलली नाही. कारखान्याच्या वळणाआधी रस्ता सरळ आहे. तेवढंच मला आठवतं. पुढचं आठवतं ते तिची किंकाळी, बसलेल्या घशातून निघालेली, आणि तोंडासमोर आलेली उसाची शेंड्याकडची वाढी. ट्रॉलीतून बाहेर लोंबणारी पानं माझ्या गालावरून ओरबाडत गेली. मी हँडल फिरवलं, स्कूटर मातीत उतरली, कलंडली नाही एवढंच. ट्रॅक्टरवाला पुढं निघूनही गेला. मागून येणाऱ्या एकानं गाडी थांबवून शिवी हासडली, "म्हाताऱ्या, झोपलायस व्हय रं?"

"झोपलो न्हाय!" मी ओरडलो. आणि ते खोटं नव्हतं. मला खरंच वाटत होतं की मी जागा होतो.

नात खाली उतरली होती. तिचे ओठ पांढरे पडले होते. ती म्हणाली, "आबा, तुम्ही गप्प झालासा की गाडी तिकडं जाती. म्हणून मी बोलत बसते. आज बोलताच येत नव्हतं."

कोणी शिकवलं नव्हतं तिला. एवढीशी पोर रोज शाळेला जाताना माझी राखण करत होती आणि मी तिला फितूर समजत होतो. मला तिथंच, मातीत उभ्या उभ्या रडू आलं. स्कूटर ढकलत आम्ही चालत शाळेत गेलो.

पण खोड जात नाही. घरी येईतोवर रडणं संपून संताप आला होता. माझ्या पोटात विष घालणाऱ्यांनी माझ्या नातीचा जीव घेतला असता! आता पुरावाच मिळवायचा. संस्थेतली नमुन्याची एक बाटली माझ्याकडे होती. सूनबाईनं गाळून ठेवलेलं दूध तीत भरलं, बूच घट्ट लावलं आणि आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जायला निघालो. सूनबाईनं गालावरचे ओरखडे बघितले. काय झालं म्हणून विचारत राहिली. मी सांगेना, तशी तिनं पतसंस्थेत फोन करून सुट्टी टाकली आणि रिक्षात माझ्या शेजारी येऊन बसली. मी बाटली खिशात आणखी खोल सरकवली.

डॉक्टर बावड्यातलेच, मुलाच्या वयाचे. मी सांगितलं, माझं रक्त तपासा, मला गुंगीचं औषध घालतायत. आणि बाटली टेबलावर ठेवली. "हे दूध. हेही तपासा."

सूनबाईनं बाटली ओळखली. तिनं आधी बाटलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. डॉक्टरांनी बाटली बाजूला सरकवली. मग म्हणाले, "दूध बघू नंतर. झोप येते का दिवसा?"

"न्हाय. अशक्तपणा हाय."

"तसं न्हाय डॉक्टर," सूनबाई म्हणाली. "सुट्टीच्या दिवशी मी घरात असते तवा बघते, सकाळी न्याहारी झाल्यावर तासा-दोन तासानं मामा बसल्या जागी हरवत्यात. डोळं उघडं असत्यात, पण हाक मारली तर लवकर कळत न्हाय. दुपारी जेवल्यावर पुन्हा तसंच. मला वाटलं माझ्यावर रागावल्यात, म्हणून बोलत न्हाईत."

डॉक्टरांनी कान टवकारले. "जेवल्यानंतरच? गोळ्या कुठल्या घेता?"

मी बीपीची गोळी सांगितली. त्यांनी मनगट धरून नाडी मोजली. बीपीची माझी गोळी बीटा ब्लॉकर जातीची आहे, ती नाडीला लगाम घालते, असं ते म्हणाले. "काही जणांना ती मरगळ आणते. हातपाय गार पडतात, उठलं की चक्कर येते. अर्धशिशीवर आणि हात थरथरतात त्यावरही ह्याच जातीची गोळी देतात, तिथंही पेशंट म्हणतात, अंगात दमच नाही. पण तुमची नाडी चांगली आहे, आणि ही गोळी चार वर्षं तेवढीच चालू आहे. मला नवीन काय ते सांगा. हे सुरू व्हायच्या आधी काय नवीन सुरू केलं, किंवा काय वाढवलं?"

"नवीन काय न्हाय."

"आणि ती लाल कॅप्सूल?" सूनबाई म्हणाली.

"ते व्हिटॅमिन हाय."

डॉक्टरांनी पाकीट मागितलं. माझ्या खिशातच होतं. त्यांनी पहिलं नाव वाचलं, जे मी कधी वाचलंच नव्हतं. "आबा, ह्यात व्हिटॅमिन आहे, पण ते जोडीला आहे. मुख्य औषध हे पहिलं. हे फिटवर देतात."

"मला कधी फिट आली न्हाय!"

"माहीत आहे. नागिणीनं नस दुखावली की ती उगाचच दुखण्याचे निरोप धाडत राहते. हे औषध तिचं तोंड बंद करतं, म्हणून ठणक्यावर देतात. पण ते बाकीच्या मेंदूलाही जरा गप्प करतं. झोपेची गोळी म्हणून बनवलेलं नाही, तरी झोप आणतं. तोल जातो, जीभ जडावते, नजर अंधुक होते, पाय सुजतात. फिटच्या बऱ्याच औषधांचं थोडंफार असंच. दिवसातून किती घेता?"

मी खरं सांगितलं. दोन लिहिल्यात, कधी तीन, कधी चार. अशक्तपणा वाटतो म्हणून.

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला नाही, पण मारल्यासारखं केलं. मला जमिनीवरच्या फरशीच्या रेघेवरून टाचेला पंजा लावून चालायला सांगितलं. मी तिसऱ्याच पावलाला भिंत धरली. पायाच्या नडगीवर त्यांनी अंगठा दाबला, खळगा तसाच राहिला. हे औषध किडनीवाटे बाहेर जातं, वय झालं की ते अंगात साचतं, म्हणून किडनीसाठी रक्त तपासायला लिहून दिलं. शहरातल्या डॉक्टरांना त्यांनी समोरच फोन लावला. पलीकडून आवाज स्पष्ट ऐकू आला, "गाडी चालवू नका म्हणून सांगितलं होतं मी त्यांना." सांगितलं असेल. ते सदऱ्याच्या चिमटीत राहिलं.

"आजपासून जास्तीच्या बंद," डॉक्टर म्हणाले. "मग सकाळची कमी करू. पण रागाच्या भरात सगळं एकदम सोडू नका. एकदम सोडलं तर ठणका उसळतो, घाम फुटतो, जीव घाबरा होतो, झोप उडते. आणि गाडी बंद. तुम्हाला जाग आहे असं वाटतं, हेच ह्यातलं वाईट. आतून कळत नाही, शेजारच्याला कळतं."

निघताना मी दुधाची बाटली उचलायला गेलो, तर ती सूनबाईच्या हातात होती. बाहेर गटाराच्या कडेला तिनं बूच काढून दूध ओतून दिलं. म्हणाली, "मामा, तुमच्या मनात आलं ते तोंडावर विचारायचं. मी भांडले असते, पण रडले नसते." मला तोंडात मारल्यासारखं झालं. माफी मागायची म्हणजे कुठून सुरुवात करायची हे मला कळेना. रिक्षात मी एवढंच म्हणालो की त्या बिल्डरच्या माणसावरचा माझा संशय काही गेलेला नाही. ती हसली. "माझा पण न्हाय," म्हणाली.

औषध उतरत गेलं तसा ठणका थोडा वर आला. सोसवत होता. पेपर पुढं सरकू लागला, चहा गरम असताना पोटात जाऊ लागला. हिचा फोन आला तर म्हणाली, आता माणसात आलायसा. नातीला सूनबाई सोडू लागली. तिला कामावर रोज उशीर व्हायचा आणि तिथं बोलणी बसायची, ते मला दिसत होतं. रक्ताचा रिपोर्ट आल्यावर डॉक्टरांनी सकाळची गोळी बंदच केली, रात्रीची एक ठेवली. आणखी काही दिवसांनी म्हणाले, आता हळूहळू गाडी काढायला हरकत नाही, पण पूर्ण ताजेतवाने असाल त्याच दिवशी.

दुसऱ्या सकाळी मी आंघोळ करून, टोपी घालून तयार झालो. अंग हलकं होतं. डोकं स्वच्छ होतं. खिळ्यावरची किल्ली काढली आणि दारातच थबकलो. ट्रॉलीच्या दिवशी मला कसं वाटत होतं? असंच की. त्या शिवी देणाऱ्याला मी छातीठोकपणे सांगितलं होतं, झोपलो न्हाय म्हणून. डॉक्टरांनाही तेच सांगितलं होतं. जन्मभर मी लोकांच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही, आणि ज्याचा शब्द सगळ्यात भेसळीचा निघाला तो माणूस टोपी घालून दारात उभा होता.

सूनबाई डबा भरत होती. मी तिच्यापुढं जाऊन उभा राहिलो. "बघ माझ्याकडं," म्हणालो. "मला काय वाटतं ते सोड. तू सांग. आज पोरीला नेऊ का?"

तिनं डब्याचं झाकण लावलं, हात पुसले आणि माझ्याकडे नीट, बराच वेळ बघितलं. मी तिच्या नजरेपुढून हललो नाही.

"आज न्हाय मामा," ती म्हणाली. "मघाशी चहा घेताना बोलता बोलता थांबलासा. दोनदा."

मी थांबलो होतो हे मला माहीतच नव्हतं. मी किल्ली तिच्या हातावर ठेवली.